किती वेळ बोलले आणि किती मोलाचे बोलले

(जिल्हा बैठकीत, गावोगावच्या वह्या लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज भावावर बोलायचे नाही, कर्जावर बोलायचे नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या वहीवर. तालुक्याची बैठक होते. तिला गावातून दोघे-तिघे येतात आणि बाकीचे गाव शेतात असते. त्या बाकीच्यांपर्यंत बैठक पोहोचते ती एका पानाच्या गोषवाऱ्यातून. हे पान पारावर, सोसायटीच्या ओट्यावर किंवा चहाच्या टपरीवर वाचले जाते. म्हणजे तीन तासांची बैठक साठ माणसांची असते आणि एका पानाची बैठक सहा हजार माणसांची असते. ही दुसरी बैठक कशी भरवायची हे वहीवाला ठरवतो.

आता वहीवाला काय करतो? तो इमानदार माणूस असतो. ज्या विषयावर तासभर बोलणे झाले त्याला अर्धे पान देतो, ज्यावर दहा मिनिटे झाले त्याला दोन ओळी देतो आणि ज्यावर दोन मिनिटे झाले तो विषय शेवटी ‘इतर विषयांवरही चर्चा झाली’ या वाक्यात घालतो. त्याला वाटते, आपण कोणावर अन्याय केला नाही, जसे झाले तसे लिहिले. आमचे म्हणणे असे की हे जसे झाले तसे नव्हे. घड्याळाने जे मापले ते त्याने लिहिले. आणि सभेतले घड्याळ विषयाचे मोल मापत नाही. ते वेगळेच काही मापते. काय मापते, ते एका बैठकीवरूनच पाहू.

एक बैठक

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तालुक्याची एक बैठक घेऊ. गावाचे नाव महत्त्वाचे नाही. माणसे चौसष्ट, त्यांत बाया अकरा. बैठक चालली ३ तास १० मिनिटे, म्हणजे १९० मिनिटे. आम्ही वहीच्या कडेला घड्याळ लिहीत गेलो, म्हणून हिशेब देता येतो.

स्वागत, प्रास्ताविक आणि चहा यांत गेली ३६ मिनिटे. गेल्या हंगामात खरेदी केंद्रावर कापसाच्या ओलाव्यावरून झालेली कटती हा विषय चालला ७५ मिनिटे. मोर्चा बैलगाड्यांचा काढायचा की ट्रॅक्टरांचा, यावर ४० मिनिटे. ज्वारीत घुसणारी रानडुकरे आणि कपाशी तुडवणारे रोही, यावर ३० मिनिटे. ई-पीक पाहणीवर ४ मिनिटे. मोर्चाचा निधी आणि बँकेतले खाते यावर ३ मिनिटे. आणि राहिलेली २ मिनिटे एक ताई बोलल्या.

त्या काय बोलल्या? माणसे चपला शोधत होती, शेवटच्या एसटीची वेळ झाली होती. त्या उभ्या राहून म्हणाल्या, ‘आमच्या कपाशीतल्या सापळ्यात तीन रात्रींपासून नऊ-दहा पतंग पडून राहिले, अन् डोमकळ्या दिसायला लागल्या.’ अध्यक्ष म्हणाले, ‘बरं झालं सांगितलं.’ आणि बैठक संपली.

या बैठकीचा गोषवारा घड्याळाच्या मापाने लिहिला असता तर तो असा झाला असता: ‘बैठकीत प्रामुख्याने ओलावा कटतीच्या प्रश्नावर सविस्तर चर्चा झाली. अनेकांनी तीव्र भावना व्यक्त केल्या. मोर्चाच्या स्वरूपाबाबत मते मांडण्यात आली. वन्यप्राण्यांच्या त्रासाबद्दल चिंता व्यक्त झाली. ई-पीक पाहणी, निधी, बोंडअळी इत्यादी विषयांवरही चर्चा झाली.’ यात खोटे एक अक्षर नाही. पण हे वाचून गावातल्या माणसाला उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही. आणि ज्या गोष्टीने त्याचे पीक वाचले असते ती ‘इत्यादी’च्या आधी एका शब्दात बसली आहे.

पंचाहत्तर मिनिटे कशाची होती

ओलाव्यावर एकोणीस जण बोलले. पहिल्याने सांगितले: केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, आठच्या वर बारापर्यंत कटती, बाराच्या वर कापूस परत. यंत्र गाडीतल्या कुठल्या थरात खुपसतात यावर आकडा बदलतो. वरच्या उन्हात तापलेल्या थरात एक आकडा येतो, तळाच्या दाबलेल्या थरात दुसरा. दुसऱ्याने सांगितले की आपली गाडी रात्रभर दवात उभी राहिली आणि सकाळी ओलावा वाढला. तिसऱ्यापासून एकोणिसाव्यापर्यंत सगळ्यांनी हेच सांगितले, फक्त गाडी वेगळी, तारीख वेगळी.

हे वायफळ बोलणे होते असे आम्ही म्हणत नाही. ज्याची गाडी परत आली त्याने बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? पण ७५ मिनिटांत वहीत नवी अशी माहिती दोनच आली: थराची आणि दवाची. बाकी वेळ लागला तो या कारणाने की हा अनुभव सगळ्यांचा होता. प्रत्येकाकडे या विषयावर सांगायला काहीतरी होते.

सभेतला वेळ अशा विषयाला जातो. तो विषय मोठा असेलच असे नाही, पण तो सर्वांना ठाऊक असतो. १९८५ साली गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. त्यांनी विद्यार्थ्यांचे चार-चार जणांचे गट केले. तीन उमेदवारांतून एक निवडायला सांगितले. काही माहिती गटातल्या सगळ्यांना दिली, काही माहिती एकेकालाच दिली. ज्याच्या-त्याच्याजवळचे तुकडे एकत्र केले असते तर सर्वांत चांगला उमेदवार कोण ते उघड दिसले असते. पण गट बोलत बसले ते सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवर. एकट्याकडची माहिती बाहेर आली नाही, आली तरी कोणी उचलली नाही, आणि बहुतेक गटांनी भलताच उमेदवार निवडला. चौघांच्या गटात हे होते, तर चौसष्ट माणसांच्या मांडवात किती होईल याचा अंदाज आपणच करावा.

सापळ्यातले पतंग त्या एका ताईंनाच माहीत होते. त्यावर दुसऱ्या कोणाला बोलता येत नव्हते, कारण सापळा लावलेला दुसरा माणूस तिथे नव्हता. म्हणून विषय दोन मिनिटांत संपला. विषय हलका होता म्हणून संपला नाही.

चाळीस मिनिटे आणि तीन मिनिटे

आता मोर्चा. बैलगाड्या की ट्रॅक्टर, यावर ४० मिनिटे. निधी आणि खाते यावर ३ मिनिटे. बैलगाडी सगळ्यांना कळते. बैल किती कोस चालतील, वैरण कुठे, रस्ता किती अडेल, फोटोत काय दिसेल, यावर प्रत्येकाला मत असते आणि मत चुकले तरी कोणाचे काही जात नाही. निधीचा विषय तसा नसतो. खात्यावर सह्या कोणाच्या, एकाच्या की दोघांच्या, हिशेब कोणाला दाखवायचा, हे विचारायला धीर लागतो आणि थोडी माहिती लागते. म्हणून तो झटकन मंजूर होतो.

हे आपल्याच मुलखात होते असे नाही. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ साली एका काल्पनिक समितीची थट्टा लिहिली. ती समिती कोट्यवधींची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण ती कोणालाच कळत नाही. आणि सायकली ठेवायच्या छपरावर पाऊण तास वाद घालते, कारण छप्पर सगळ्यांना कळते.

आपल्या बैठकीत त्या ३ मिनिटांत ठरले ते असे: प्रत्येक गावाने पाचशे रुपये द्यायचे, खाते दोन सह्यांचे, हिशेब पुढच्या बैठकीत वाचायचा. एका गावाने हरकत घेतली की आमच्याकडे दुबार पेरणी झाली आहे, आम्हाला निम्मे करा. अध्यक्ष म्हणाले, बघू. या विषयाला वहीत किती जागा? चार ओळी, आणि त्या वरच्या भागात. कारण हा निर्णय आहे, त्याने प्रत्येक गावाच्या खिशाला हात लागतो आणि हरकत अनुत्तरित आहे. सहा महिन्यांनी वाद झाला तर हेच पान काढून पाहतील. मोर्चाच्या चाळीस मिनिटांतून मात्र निघाले एवढेच: तारीख ठरली, वाहन ठरले नाही, पुढच्या बैठकीत ठरेल. दोन ओळी पुरल्या.

तरी वेळ अगदीच फुकटचा नसतो

इथे एक धोका आहे. हे ऐकून एखादा वहीवाला म्हणेल, लांबले ते सगळे फालतू आणि थोडक्यात आटोपले ते सगळे सोने. तसेही नाही. रानडुकरांची तीस मिनिटे पाहा. त्यांत पंचवीस मिनिटे आपापली रात्रीची राखण आणि झालेले नुकसान सांगण्यात गेली. मधे एकाने सांगितले की वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज घटनेपासून तीन दिवसांच्या आत द्यावा लागतो, आपला अर्ज सहाव्या दिवशी गेला म्हणून परत आला. लगेच दुसऱ्याने डुकराची गोष्ट सुरू केली आणि ते वाक्य गर्दीत हरवले. महत्त्वाची गोष्ट लांबलचक विषयाच्या पोटातही असते. म्हणून विषयाची लांबी पाहायची नाही, आखूडपणाही पाहायचा नाही. एकेक वाक्य पाहायचे.

दुसरे असे की एकोणीस माणसे एकच तक्रार करतात तेव्हा तो आकडा हीच बातमी असते. कटतीचा त्रास एका केंद्रावर झाला की पाच केंद्रांवर, एका गावाला की बारा गावांना, यावर पुढे कोणाकडे काय मागायचे ते ठरते. म्हणून एकोणीस भाषणे लिहायची नाहीत, पण ‘बारा गावांतल्या एकोणीस जणांनी तीच तक्रार केली’ ही ओळ लिहायचीच. तेवढ्याने त्या माणसांचा मान राहतो आणि जागाही वाचते.

आणि दोन बाजू एकमेकींना भिडल्यामुळे बोलणे लांबले असेल, तर ‘यावर एकमत झाले नाही’ हे लिहावे लागते. दोन्ही बाजू एकेका वाक्यात याव्यात, आणि ज्या बाजूचा आवाज मोठा होता तिला जास्त शब्द देऊ नयेत. आपल्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. बाजारात ते चालत असेल, वहीत चालू देऊ नये. बैठकीत माईक कोणाच्या हातात जास्त असतो ते आपण सगळे जाणतो. पुढच्या रांगेतल्या, पूर्वी पदावर असलेल्या, भाषणाची सवय असलेल्या माणसांच्या हातात. मागे बसलेल्या बाया, दोन एकरवाले, ठेक्याने शेत करणारे बोलले तर एक वाक्य बोलतात. ते वाक्य तेवढ्याच मिनिटांच्या मापाने तोलले तर ते नेहमीच हलके भरणार.

मग वजन कशाने करायचे

आम्ही चार प्रश्न धरून चालतो. प्रत्येक मुद्द्याला ते विचारतो, आणि किती मिनिटे लागली हे शेवटपर्यंत पाहत नाही.

पहिला प्रश्न: हे वाचणाऱ्याला काही करायचे आहे का, आणि कधीपर्यंत? दुसरा: काही ठरले का, आणि ते कोणी करायचे? तिसरा: हे राहून गेले तर काय जाईल, आणि गेलेले परत मिळते का? चौथा: हे बैठकीत एकट्यालाच माहीत होते का? चौथ्याचे उत्तर ‘हो’ आले तर तो मुद्दा मोठा ठरतो असे नाही, पण तो नीट तपासायलाच हवा, कारण तो दुसऱ्या कोणाकडून गावाला कळणार नाही.

आता आपल्या बैठकीतले तीन मुद्दे या प्रश्नांवर घासून पाहू.

ओलावा कटती: करायचे आहे, पण केंद्रे सुरू व्हायला अजून वेळ आहे. ठरले एवढेच की निवेदन द्यायचे. आठ-पंधरा दिवसांनी लिहिले तरी कोणाचे नुकसान होत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. तर हा मुद्दा पानाच्या खालच्या अर्ध्यात.

ई-पीक पाहणी: चार मिनिटेच बोलणे झाले. एकाने सांगितले की त्याच्या सातबाऱ्यावर कपाशीची नोंद नव्हती म्हणून गेल्या हंगामात खरेदी केंद्रावरून तो परत आला. ज्वारी हमीभावाने घालायची तरी नोंद लागतेच. आपल्या मोबाईलवरून नोंद करायची मुदत संपायला त्या दिवशी नऊ दिवस होते. करायचे आहे, तारीख आहे, राहिले तर पुढे खेटे घालावे लागतात. हा मुद्दा वरच्या भागात, तारखेसह.

बोंडअळी: करायचे आहे, आणि आजच. गुलाबी बोंडअळीचा पतंग अंडी घालतो, अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते आणि छिद्र बुजते. आत गेलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून इथे दिवस मोजायचे असतात. गेले तर काय जाते हे २०१७ साली राज्यातल्या कपाशीवाल्यांनी पाहिले आहे. आणि ही माहिती बैठकीत एकट्या बाईला होती. चारही प्रश्नांवर हा मुद्दा पहिला येतो. घड्याळाच्या मापाने तोच शेवटचा होता.

महत्त्वाचे म्हणजे खरेच, असे नव्हे

पण पहिल्या क्रमांकावर घातले म्हणून ते सिद्ध झाले असे होत नाही. एका शेतातली गोष्ट सगळ्या तालुक्याची म्हणून छापली तर लोक घाबरून नको तिथे फवारतील, आणि औषध फुकट येत नाही. म्हणून बैठक सुटल्यावर त्या ताईंना थांबवून आम्ही विचारले. सापळे किती? दोन एकरात चार, म्हणजे एकरी दोन, निगराणीला तेवढे पुरतात. पतंग मोजले ते एका सापळ्यातले की चारींचे मिळून? एकेका सापळ्यातले, आणि रोज सकाळी मोजून काढून टाकलेले. गंधगोळी गुलाबी अळीचीच होती का? हो, पाकिटावर तसे होते. हे विचारावे लागते, कारण कामगंध सापळ्यात ज्या अळीची गोळी तिचाच पतंग येतो. हिरव्या अळीची गोळी लावून गुलाबीचा हिशेब लागत नाही. पेरणी कधीची? मृगातली. शेजारच्या शेतात कोणी पाहिले आहे का? नाही.

आता नेम असा की एका सापळ्यात सरासरी आठ पतंग सलग तीन रात्री पडले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या निघाल्या, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी सापडली, तर उपाय करायची वेळ आली असे समजायचे. त्या ताईंचे शेत या रेषेच्या पुढे गेले होते. दुसऱ्या शेतांचे कोणाला माहीत नव्हते. म्हणून गोषवाऱ्यात ‘बोंडअळी आली, फवारा’ असे लिहिणे चुकीचे ठरले असते. लिहायचे ते एवढेच: कोणाच्या शेतात किती निघाले, आणि तुम्ही तुमच्या शेतात कसे पाहायचे.

तेच पान, वजनाने लिहिलेले

तर त्या बैठकीचा गोषवारा गावोगाव गेला तो असा:

‘या आठवड्यात करायचे. एक: पूर्वेकडच्या एका गावात मृगातल्या कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सापळ्यामागे ९ ते ११ पतंग आढळले, डोमकळ्याही दिसल्या. माहिती एका शेतातली आहे. आपापल्या शेतात एकरी दोन सापळे लावून तीन रात्री मोजावे, किंवा शंभर फुले पाहावीत. सापळ्यामागे आठ पतंग किंवा शंभरात दहा डोमकळ्या निघाल्या तरच कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे फवारावे. दोन: ई-पीक पाहणीची मुदत नऊ दिवसांत संपते. नोंद नसल्याने गेल्या हंगामात एकाचा कापूस परत आला. तीन: डुकरांनी पीक खाल्ले तर वनखात्याकडे अर्ज तीन दिवसांच्या आत.

‘ठरले. मोर्चाची तारीख ठरली. गावामागे निधी ५०० रुपये, खाते दोन सह्यांचे, हिशेब पुढील बैठकीत. एका गावाने निम्म्या निधीची मागणी केली, तिचा निर्णय झाला नाही.

‘ठरले नाही. बैलगाड्या की ट्रॅक्टर.

‘तक्रारी. ओलावा कटती: बारा गावांतले एकोणीस जण बोलले. नवे मुद्दे दोन: यंत्र कोणत्या थरात लावतात, आणि रात्रभर दवात थांबलेल्या गाड्या. यांवर निवेदन द्यायचे.’

एवढेच. एक पान पुरले. ७५ मिनिटांचा विषय खाली गेला, पण गेला नाही. दोन मिनिटांचा वर आला आणि त्याच्याबरोबर त्याची मर्यादाही लिहिली गेली. पुढे काही गावांत सापळ्यात पतंग रेषेच्या वर निघाले, काही गावांत खाली निघाले. ज्यांचे खाली निघाले त्यांचा त्या वेळचा फवारणीचा खर्च वाचला. म्हणजे ते पान दोघांच्याही उपयोगी पडले.

वही कशी धरायची

हे करायला शहरातून शिकून यावे लागत नाही. पानावर दोन रेघा ओढून तीन रकाने करा. डावीकडे वेळ, मधे मुद्दा, उजवीकडे ‘कोण, काय, कधीपर्यंत’. तोच मुद्दा पुन्हा आला की पुन्हा लिहू नका, आधीच्या ओळीपुढे एक उभी रेघ मारा आणि गावाचे आद्याक्षर टाका. शेवटी रेघा मोजल्या की किती जण, किती गावे ते निघते. जी गोष्ट एकानेच सांगितली आणि जिच्यावर कोणी काही बोलले नाही तिच्याभोवती गोल काढा. बैठक सुटल्यावर पहिली पंधरा मिनिटे त्या गोलांची. सांगणाऱ्याला गाठा, आकडा विचारा, कुठला, कधीचा, स्वतः पाहिले की ऐकले ते विचारा. एसटीची घाई त्याला असते तशी आपल्यालाही असते, पण ही पंधरा मिनिटे चुकली की गोल रिकामाच राहतो.

उजवा रकाना ज्या ओळींपुढे भरला आहे त्या आधी लिहा. मग ठरलेले, मग न ठरलेले, मग तक्रारी. आपले स्वतःचे मत यात कुठेही घालायचे नाही. वजन करायचा अधिकार वहीवाल्याला मिळतो, म्हणून तर हे जपायचे. आपल्याला बैलगाडीचा मोर्चा आवडतो म्हणून तो वर घ्यायचा, असे सुरू झाले की घड्याळच बरे म्हणायची पाळी येईल. यावर उपाय दोन. पूर्ण वही, वेळेच्या रकान्यासह, जपून ठेवायची, ज्याला पाहायची त्याला दाखवायची. आणि गोषवारा पाठवण्याआधी अध्यक्षांना आणि वेगळे मत मांडणाऱ्या एकाला वाचून दाखवायचा.

आणि पान बरोबर झाले की नाही ते ओळखायची एक खूण आहे. जो बैठकीला आला नव्हता त्याला ते वाचायला द्या आणि विचारा, ‘उद्या सकाळी काय करणार?’ तो म्हणाला की ‘ओलाव्यावर लई चर्चा झाली म्हणे’, तर पान घड्याळाने लिहिले आहे, पुन्हा लिहा. तो म्हणाला की ‘सापळे आणायला जातो आणि मोबाईलवर पीक नोंदवतो’, तर पान पाठवा.

पुढच्या तालुका बैठकांच्या वह्या या तीन रकान्यांत लिहून आणाव्यात. जिल्ह्याच्या बैठकीत आपण त्या उघडून बसू, आणि कोणत्या गोलातले काय सुटले ते मिळून पाहू.